पीपीटीतून कामाची यादी : गोदामातल्या नव्या माणसाचा पहिला महिना

भिवंडी पट्ट्यातल्या मोठ्या गोदामांत नव्या माणसाचा पहिला दिवस साधारण सारखाच जातो. गेटवर नोंद होते, आधार-पॅनच्या झेरॉक्स जमा होतात, मग ट्रेनिंग रूममध्ये दीड-दोन तास पीपीटी चालते. कंपनी कधी सुरू झाली, मूल्ये कोणती, रजा किती, सुरक्षा, इनवर्ड, पिकिंग, डिस्पॅच, तक्रार कुठे करायची. शेवटी हजेरीच्या कागदावर सही. तिसऱ्या दिवशी त्याच माणसाला डॉकवर गाठून विचारा, ‘गाडीत दोन पेट्या कमी निघाल्या तर काय करशील?’ तो सुपरवायझरकडे बघतो. पीपीटीत उत्तर होते, सव्विसाव्या स्लाइडवर, चौथ्या ओळीत.

पीपीटीतली माहिती बहुधा बरोबरच असते. अडचण क्रमाची असते. पीपीटी विभागांच्या क्रमाने लावलेली असते आणि माणसाचा महिना त्याला काय कधी लागते या क्रमाने पुढे सरकतो. संकटकाळचा दरवाजा त्याला पहिल्या तासात माहीत हवा, शॉर्टेजचा शेरा चौथ्या आठवड्यात आणि रजेचा अर्ज कसा भरायचा ते पहिली रजा लागेल तेव्हा. दोन तासांत सगळे सांगितले की यातले काहीच वेळेवर पोहोचत नाही. म्हणून पीपीटी मोडून तिची चार आठवड्यांची यादी करायची. मानकोली, वळ, दापोडे, पूर्णा, काल्हेर ते पडघ्यापर्यंतच्या गोदामांत एचआर किंवा ऑपरेशन्स सांभाळणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून ती कशी करायची ते इथे सांगतो. उदाहरण इनवर्ड विभागातल्या नव्या सहायकाचे घेतो. पिकिंगची किंवा डिस्पॅचची यादी याच रीतीने होते.

आधी मजकूर बाहेर काढा

पीपीटी समोर ठेवून वहीत टिपणे काढत बसू नका. पॉवरपॉइंटमध्ये फाइल ‘Outline/RTF’ प्रकारात सेव्ह केली की सगळ्या स्लाइडांचा मजकूर सलग मिळतो. तो एक्सेलमध्ये एका ओळीला एक मुद्दा असा चिकटवा आणि प्रत्येकापुढे स्लाइड क्रमांक टाका. मात्र या रीतीने शीर्षक आणि मुख्य चौकटीतलाच मजकूर येतो. वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये लिहिलेले, चित्रातले आणि फ्लोचार्टमधले शब्द येत नाहीत. गोदामाच्या पीपीटीत नेमकी इनवर्डची साखळी फ्लोचार्टमध्ये आणि गोदामाचा नकाशा चित्रात असतो, म्हणून या स्लाइडा हाताने उतरवून घ्याव्या लागतात. हे केले नाही तर तयार झालेल्या यादीत मूल्ये राहतात आणि काम गळते.

दुसरी गळती बोलण्यातली. पीपीटी दाखवणारा अनुभवी माणूस स्लाइडवर नसलेल्या कितीतरी गोष्टी तोंडी सांगतो : ‘सील तोडायच्या आधी फोटो घ्या’, ‘मुकादमाला विचारल्याशिवाय टोळीला हात लावू नका’. पुढच्या वेळी तो पीपीटी दाखवेल तेव्हा मागे बसून या गोष्टी लिहून घ्या. माझ्या मते यादीतल्या सर्वांत मोलाच्या ओळी इथून येतात.

तीन ढीग

आता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा : नव्या माणसाने याचे काय करायचे आहे? उत्तर तीनपैकी एक असेल.

पहिला ढीग कागद पूर्ण करण्याचा : नियुक्तिपत्र, बँक तपशील, पीएफ, ईएसआयसी. दुसरा ढीग करून दाखवण्याचा : स्कॅनर लॉगिन, गाडीची तपासणी, जीआरएन. तिसऱ्या ढिगात फक्त माहीत असायच्या किंवा लागेल तेव्हा बघायच्या गोष्टी जातात : संस्थापकांचा प्रवास, शाखांचा नकाशा, रजेचे सविस्तर नियम. तिसरा ढीग यादीत घ्यायचा नाही. त्याची दोन पाने करून नोटीस बोर्डावर लावा किंवा हातात द्या. कंपनीच्या इतिहासाला यादीत जागा नाही म्हणून कुणाला वाईट वाटले तरी त्यावर ठाम राहा. ‘कंपनीची मूल्ये समजून घेतली’ अशी एक ओळ यादीत शिरली की माणसाला न बघता टिक मारायची सवय लागते आणि ती सवय पुढे सुरक्षेच्या ओळीपर्यंत जाते.

दुसऱ्या ढिगातल्या ओळी लिहिताना ‘समजले’, ‘माहिती दिली’, ‘ओळख झाली’ हे शब्द टाळा. ते तपासता येत नाहीत. ‘अग्निशमन साधनांची माहिती’ असे न लिहिता ‘आपल्या जागेपासून सर्वांत जवळच्या दोन बाहेर पडायच्या दरवाजांपर्यंत आणि तिथून असेम्ब्ली पॉइंटपर्यंत चालत जाऊन दाखवले’ असे लिहा. तपासणाऱ्याला मग सोबत चालावेच लागते आणि एखाद्या दरवाजापुढे पॅलेट लावून ठेवले असतील तर तेही त्याच वेळी दिसते. गोदामांना लागणाऱ्या आगी भिवंडीला नव्या नाहीत, म्हणून स्कॅनर हातात देण्याआधी ही ओळ पूर्ण व्हावी. आणखी एक : माणूस दिवसपाळीतून रात्रपाळीत गेला की ही ओळ पुन्हा करायची. दिवसा उघडा असलेला दरवाजा रात्री कुलूपबंद असू शकतो आणि ते त्याला आगीच्या वेळी कळता कामा नये.

एका स्लाइडचे चार आठवडे

पुष्कळ जण इनवर्डची स्लाइड पहिल्या आठवड्यात, पिकिंगची दुसऱ्यात, डिस्पॅचची तिसऱ्यात असे वाटून मोकळे होतात. पीपीटीचे चार तुकडे झाले, एवढाच त्याचा अर्थ. खरे तर एकच स्लाइड चारही आठवड्यांत पसरली पाहिजे : आधी बघणे, मग सोबत करणे, मग एकट्याने करणे आणि शेवटी नेहमीपेक्षा वेगळे घडले तर निभावणे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांमधल्या नवख्या कामगारांसाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. त्यातही शिकवण्याच्या पायऱ्या अशाच होत्या : माणसाची तयारी करणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे. आपली पीपीटी दुसऱ्या पायरीच्याही आधी थांबते, कारण ती काम दाखवत नाही, कामाचे नाव सांगते.

इनवर्डची नेहमीची स्लाइड घेऊ. तिच्यावर सहा बाण असतात : गेट एंट्री, कागदपत्र तपासणी, अनलोडिंग, क्वालिटी चेक, जीआरएन, पुटअवे.

पहिल्या आठवड्यात नवा माणूस नेमून दिलेल्या अनुभवी साथीदाराबरोबर एक गाडी गेटपासून पुटअवेपर्यंत नुसती बघतो. यादीतली ओळ अशी : ‘एका गाडीचे इनव्हॉइस, बिल्टी आणि ई-वे बिल ओळखून दाखवले. गाडी नंबर, माल आणि नग यांपैकी काय कोणत्या कागदावर कुठे असते ते बोट ठेवून सांगितले.’ याच आठवड्यात त्याला माथाडी व्यवस्था समजली पाहिजे. भिवंडीच्या अनेक गोदामांत माल चढवण्या-उतरवण्याचे काम माथाडी टोळीकडे असते. त्यामागे १९६९ चा राज्याचा कायदा आहे, कामगार मंडळात नोंदलेले असतात आणि टोळीचा मुकादम असतो. बाहेरून आलेला नवा सहायक घाईत एखाद्या कामगाराला थेट हुकूम देतो किंवा स्वतःच पेट्या उतरवायला लागतो, आणि डॉकवर काम थांबते. तुमच्याकडे ही व्यवस्था असेल तर ओळ घाला : ‘मुकादमाशी ओळख करून दिली. अनलोडिंगबाबत काही सांगायचे तर कोणामार्फत, ते सांगितले.’ अनलोडिंगच्या बाणाखाली ही गोष्ट मी क्वचितच लिहिलेली पाहिली आहे.

दुसऱ्या आठवड्यात साथीदार शेजारी उभा राहतो आणि हात नव्या माणसाचे चालतात. ओळ : ‘तीन गाड्यांवर ई-वे बिलातला गाडी नंबर प्रत्यक्ष नंबरप्लेटशी ताडला, सील नंबर कागदाशी ताडला, सील तोडण्याआधी फोटो घेतला.’ ई-वे बिलाच्या ‘भाग ब’मध्ये गाडीचा नंबर असतो. वाटेत गाडी बदलली आणि तो भाग अद्ययावत केला नाही, तर फरक इथेच पकडता येतो. एका गाडीत नीट जमले म्हणजे काम आले असे नव्हे, म्हणून तीन म्हटले. तुमच्याकडे दिवसाला दोनच गाड्या येत असतील तर हा आकडा बदला.

तिसऱ्या आठवड्यात तो एकटा. ओळ : ‘एका पूर्ण गाडीचा जीआरएन स्वतः केला. मोजलेले नग आणि सिस्टिममधले नग यांत फरक शून्य. सुपरवायझरने कोणतेही पाच बिन निवडून पुटअवे तपासला.’ शेवटचे वाक्य सोडू नका. जीआरएन बरोबर आला म्हणजे माल योग्य जागी गेला असे नव्हे. नवखा माणूस बिन भरलेला दिसला की शेजारच्या बिनमध्ये माल ठेवतो आणि स्कॅन मात्र आधीच्याच बिनचे करतो. त्या दिवशी कुणालाच काही कळत नाही. आठवड्याने पिकिंगवाला रिकाम्या बिनसमोर उभा राहतो, किंवा सायकल काउंटला दोन लोकेशनमध्ये उलटसुलट फरक येतो. तोवर हे कुणाचे काम ते शोधणे अवघड होते. पाच बिन बघायला थोडा वेळ जातो, पण चूक त्याच दिवशी सापडते आणि माणसाला ती लगेच दाखवता येते.

चौथा आठवडा बिघाडाचा. गाडीत दोन पेट्या कमी आहेत, एक ओली आहे, तर? ओळ : ‘शॉर्टेज किंवा डॅमेजच्या एका प्रकरणात बिल्टीच्या प्रतीवर नग लिहून शेरा मारला, ड्रायव्हरची सही गाडी सुटण्याआधी घेतली, फोटो काढले, ठरलेल्या व्यक्तीला कळवले.’ सगळा जोर ‘गाडी सुटण्याआधी’ या शब्दांवर आहे. माल पूर्ण व चांगल्या स्थितीत मिळाला अशी कोरी सही दिली की पुढे ट्रान्सपोर्टरकडून भरपाई मागणे फार अवघड जाते. महिन्यात असे प्रकरण आलेच नाही तर? मग जुन्या प्रकरणाची कागदपत्रे घ्या, एक कोरी बिल्टी हातात द्या आणि शेरा लिहून दाखवायला सांगा. ओळ रिकामी ठेवून महिना बंद करू नका, कारण हा प्रसंग एक दिवस येणारच असतो.

एका स्लाइडच्या चार ओळी झाल्या. चाळीस स्लाइडांच्या पीपीटीतून अशा तीस-पस्तीस ओळींपलीकडे जाऊ नका. ए-फोर कागदाच्या दोन्ही बाजूंना मावेल तेवढीच यादी. पहिल्या आठवड्यात ओळी जास्त येतील, कारण कागद आणि सुरक्षा तिथेच आहेत. चौथ्यात पाच-सहा पुरे.

कागदांचा ढीग : मुदत कंपनीवरही असते

कागदी ओळींत चूक झाली तर नव्या माणसाच्या पगारावर आणि औषधोपचारावर परिणाम होतो. ईएसआयसी लागू असलेल्या माणसाची नोंदणी रुजू झाल्यापासून दहा दिवसांत व्हायला हवी. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे त्यात येतात. म्हणून ही ओळ पहिल्या आठवड्यात ठेवा, चौथ्यात नाही. पीएफबाबत एकच प्रश्न आधी विचारा : पूर्वी कुठे काम केले होते का, आणि यूएएन आहे का? या पट्ट्यात माणसे एका गोदामातून दुसऱ्यात सतत जातात. जुना यूएएन असूनही दुसरा निघाला, की जुने पैसे वर्ग करताना माणसाला हेलपाटे पडतात. आधार, पॅन आणि बँक पासबुक यांवरचे नाव व जन्मतारीख त्याच्यासमोरच ताडून घ्या. फरक असेल तर दुरुस्ती कुठे होते ते त्याच दिवशी सांगा.

आणि पहिला पगार. पीपीटीत ‘पगार दर महिन्याच्या ७ तारखेला’ एवढेच असते. हजेरी २५ तारखेला बंद होत असेल आणि माणूस २० ला रुजू झाला असेल, तर ७ तारखेला त्याच्या हातात पाच-सहा दिवसांचेच पैसे येतील. हे आधी सांगितलेले नसते. कल्याण-टिटवाळ्याहून रोज येणारा, खोलीचे भाडे देणारा माणूस त्या दिवशी दुखावतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. यादीत ओळ टाका : ‘पहिला पगार किती दिवसांचा आणि कोणत्या तारखेला, ते आकड्यात सांगितले.’

इथेच कंपनीची स्वतःची यादीही लागते. माणूस येण्याआधी कंपनीने करायची कामे यादीच्या वरच्या भागात लिहा : स्कॅनरचा युजर आयडी, ओळखपत्र, सेफ्टी शूज, साथीदाराचे नाव, बसचा थांबा. शूजचा नंबर ऑफरचा फोन करतानाच विचारा. पहिल्या आठवड्यातल्या निम्म्या ओळी या पाच गोष्टींवर अवलंबून असतात. युजर आयडी आठव्या दिवशी मिळाला तर माणूस दुसऱ्याच्या आयडीवर काम करतो. तशी सवय लागली की चूक कुणाची ते सिस्टिम सांगू शकत नाही.

यादीचा कागद

रकाने सहाच ठेवा : काम, स्लाइड क्रमांक, शिकवणारा, तपासणारा, कधीपर्यंत, तारीख व सही. स्लाइड क्रमांक यासाठी की पीपीटी बदलली तर कोणती ओळ बदलायची ते लगेच कळते. शिकवणारा आणि तपासणारा एकच माणूस नको. आपण शिकवले ते आले असे प्रत्येकाला वाटते.

तारखा हाताने भरू नका. रुजू झाल्याची तारीख बी१ मध्ये टाका. आठवड्याला सहा दिवस काम आणि रविवारी सुटी असेल, तर चार आठवड्यांच्या अखेरच्या तारखा अशा निघतात :

```
=WORKDAY.INTL($B$1,5,"0000001")
=WORKDAY.INTL($B$1,11,"0000001")
=WORKDAY.INTL($B$1,17,"0000001")
=WORKDAY.INTL($B$1,23,"0000001")
```

अवतरणातले सात आकडे म्हणजे सोमवार ते रविवार, आणि १ म्हणजे सुटीचा दिवस. शुक्रवारी सुटी असेल तर `"0000100"` लिहा. ५ यासाठी की रुजू होण्याचा दिवस हाच पहिला दिवस धरलेला आहे. त्यामुळे पुढचे पाच धरून सहा होतात.

भाषेकडे लक्ष द्या. पीपीटी इंग्रजीत असते. डॉकवर मराठी आणि हिंदी चालते, उर्दू आणि तेलुगू घरची असलेली माणसेही भिवंडीत बरीच आहेत. यादी डॉकवर जशी बोलतात तशी लिहा. ‘वस्तुप्राप्ती टिपणी’ नको, जीआरएनच लिहा. स्कॅनरच्या पडद्यावर बटणाचे जे नाव दिसते ते तसेच ठेवा, म्हणजे वाचणारा पडद्यावर तेच शोधेल. वाचायला अडचण असणाऱ्याला साथीदाराने वाचून दाखवावे. सही मात्र काम करून दाखवल्यावरच घ्यावी.

खोटी यादी कशी ओळखायची

महिन्याच्या शेवटी जमा झालेली यादी हातात आली की आधी तारखा बघा. सगळ्या ओळी एकाच दिवशी, एकाच पेनाने भरलेल्या असतील तर ती शेवटच्या दिवशी बसून भरली आहे. दिवाळीच्या हंगामात, एकदम वीस-पंचवीस माणसे घेतली जातात तेव्हा हे हमखास होते, कारण एका साथीदाराकडे पाच-सहा नवखे दिलेले असतात. एका साथीदारामागे दोनच नवी माणसे द्या. तितके साथीदार नसतील तर भरती दोन टप्प्यांत करा. तेही शक्य नसेल तर यादी छोटी करा, फक्त सुरक्षा, पगार आणि एकच काम. पस्तीस खोट्या सह्यांपेक्षा बारा खऱ्या बऱ्या.

मग पाच-सहा माणसांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवा. एकच ओळ बहुतेकांची रिकामी असेल तर माणसांना दोष देऊ नका. ओळ चुकीच्या आठवड्यात आहे, किंवा ती पूर्ण करायला लागणारी गोष्ट कंपनीने दिलेली नाही. एकाच माणसाच्या बऱ्याच ओळी रिकाम्या असतील तर आधी त्याचा साथीदार कोण, तो किती दिवस रजेवर होता हे बघा. एवढे पाहून झाल्यावरच नव्या माणसाशी बोला.

यादीला मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. गाडीचे कागद चोख आहेत पण ड्रायव्हर घाई करतो आहे, हे पाहून सावध होणे यादी शिकवत नाही. ते डॉकवर महिनोन्‌महिने उभे राहूनच येते. फोर्कलिफ्ट किंवा रीच ट्रक चालवण्याची ओळ तर या महिन्याच्या यादीत असूच नये. त्याचे प्रशिक्षण आणि परवानगी वेगळी असते. यादीत फक्त ‘पिवळ्या पट्ट्यांच्या आत चालायचे, चालत्या मशीनवर बसायचे नाही’ एवढे असावे.

सगळी पीपीटी एका दिवसात मोडायला बसू नका. इनवर्ड असो की पिकिंग, ज्या कामात तुमच्याकडे सर्वाधिक फरक निघतो त्याची एकच स्लाइड घ्या, तिच्या चार आठवड्यांच्या चार ओळी लिहा आणि पुढच्या सोमवारी येणाऱ्या पहिल्या माणसाच्या हातात द्या. तीन माणसांचा महिना पूर्ण झाला की कोणती ओळ खरी चालते ते दिसेल. मग दुसरी स्लाइड घ्या.